डिपॉझिटमधून कापलेले ६७,८६० रुपये

१३ जून २०२३ च्या दुपारी माझ्या खात्यात १२,१४० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. पाठोपाठ घरमालक काकांनी वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. त्यावर त्यांच्या स्वच्छ अक्षरात हिशेब होता: डिपॉझिट ८०,०००, पेंटिंग २६,०००, नोटीस भाडं २२,०००, गीझर ८,५००, बाथरूम दरवाजा ५,५००, साफसफाई ४,०००, लाइट बिल १,८६०. खाली रेघ मारून ‘एकूण ६७,८६०, परत १२,१४०’.

बाणेरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही जुलै २०२० पासून मे २०२३ पर्यंत राहिलो. तीन वर्षांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार होता, शेवटच्या वर्षी भाडं महिना २२,००० होतं आणि एकदाही ते पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. काका-काकू त्याच सोसायटीत, दुसऱ्या इमारतीत राहतात. दिवाळीला फराळाचं ताट जायचं-यायचं. म्हणून तो कागद बघून पैशाआधी अपमानच जास्त लागला, आणि त्याच रागात मी व्हॉट्सअॅपवर भलामोठा मेसेज लिहून टाकला. तीन वर्षांचे संबंध, माणुसकी, आम्ही घर कसं स्वतःचं समजून ठेवलं, सगळं त्यात होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘अॅग्रीमेंट वाचा. सगळीकडे असंच घेतात.’

तो मेसेज मी पाठवायला नको होता. त्यात एकाही रकमेवर हरकत नव्हती, त्यामुळे त्याला उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट मी केली. एजंटने २०२० मध्ये ईमेलवर पाठवलेली कराराची पीडीएफ शोधून काढली आणि पहिल्यांदा ती शेवटपर्यंत वाचली. नोंदणीच्या वेळी आपण नाव, पत्ता, भाडं, डिपॉझिट एवढंच तपासतो आणि अंगठा देऊन मोकळे होतो.

तीन वाक्यं कामाची निघाली. पहिलं: घराचा रिकामा ताबा मिळताना मालकाने डिपॉझिट बिनव्याजी परत करायचं, त्यातून थकीत भाडं, विजेचं बिल आणि भाडेकरूमुळे झालेलं नुकसान वजा करता येईल. दुसरं: घर मिळालं त्या स्थितीत परत द्यायचं, ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’. तिसरं: पहिल्या वर्षानंतर दोघांपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल. रंग भाडेकरूने करून द्यायचा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

माझी एक शाळेतली मैत्रीण शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. तिला पत्राचा पहिला मसुदा दाखवला. त्यात मी इंटरनेटवर वाचून मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ मोठ्या थाटात टाकलं होतं. तिने पेनाने ते खोडलं. ते कलम भाडेपट्ट्याचं, म्हणजे लीजचं आहे आणि तुमचा करार लीज नव्हे, लायसन्स आहे, त्याची व्याख्या सुविधाधिकार कायद्यात, १८८२ च्या, कलम ५२ मध्ये सापडते, असं तिने समजावलं. २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदाही तिने काढून टाकायला लावला. निवासी घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं त्यात आहे खरं, पण तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच त्याला कायद्याचं बळ येतं. ‘तुझा कायदा म्हणजे तुझा करार,’ ती म्हणाली. ‘त्यातलं झिजेचं वाक्य त्यांनी सही करून दिलंय. चुकीचं कलम टाकलंस तर त्यांचा वकील तेवढंच धरून बसेल.’

दुसरं तिने सांगितलं ते मला आधी पटलं नाही. आपण जे देणं लागतो ते पत्रात सर्वांत आधी मान्य करायचं, आकड्यासकट. मला वाटत होतं, वाटाघाटीत एवढं तेवढं सोडावं लागणारच, मग आताच का सोडायचं? तिचं म्हणणं असं होतं, की सगळंच नाकारणारं पत्र वाचणाऱ्याला भांडखोर वाटतं. दोन रकमा मान्य करून चार नाकारणाऱ्या पत्रातल्या नकाराला मात्र वजन येतं, कारण लिहिणाऱ्याने प्रत्येक रक्कम वेगळी तपासली आहे हे दिसतं. शिवाय हेच पत्र उद्या कोर्टात गेलं तर पहिल्याच पानावर आपला प्रामाणिकपणा नोंदलेला असतो.

मग मी वहीचं एक पान घेतलं आणि प्रत्येक रकमेपुढे तेच तीन प्रश्न लिहिले. हे नुकसान आमच्यामुळे झालं का? झालं असेल तर त्या वस्तूची किंमत त्या दिवशी किती उरली होती? आणि याचा कागद कुणाकडे आहे, माझ्याकडे की त्यांच्याकडे? त्यांच्याकडे बिलं असतील तर ती आधी मागवायची होती. म्हणून १६ जूनला मी काकांना साधा, दोन ओळींचा मेसेज केला: ‘काका, हिशेब मिळाला. पेंटिंग, गीझर, दरवाजा आणि साफसफाई यांची बिलं पाठवाल का, म्हणजे मला नीट बघता येईल.’ त्यांनी संध्याकाळपर्यंत चारही बिलांचे फोटो पाठवले. नुसत्या आकड्यांवर भांडले असते तर त्या बिलांत काय आहे ते मला कधीच कळलं नसतं.

पत्राची सुरुवात कशी करायची यावरही मी अर्धा तास घालवला. ‘महोदय’ लिहिलं तर काकूंना काय वाटेल, आणि ‘प्रिय काका’ लिहिलं तर हरकत सौम्य होईल का? शेवटी वर त्यांचं पूर्ण नाव आणि करारातला पत्ता, विषय ‘सुरक्षा ठेवीतील कपातीबाबत हरकत’, आणि मजकुराच्या आरंभी ‘आदरणीय काका, स. न. वि. वि.’ असं लिहिलं. विषयाची ओळ कोरडी आणि संबोधन घरचं. दोन्ही खरं होतं.

पहिला परिच्छेद फक्त तथ्यांचा ठेवला: करार कधी झाला, डिपॉझिट किती दिलं, ३१ मे २०२३ ला संध्याकाळी सहा वाजता तिन्ही किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या, १३ जूनला किती रक्कम परत आली. त्यानंतर मान्य असलेलं. विजेचं बिल १,८६०, पूर्ण मान्य. त्या बिलात जूनचे काही दिवस होते, ३१ मेच्या मीटरच्या रीडिंगचा फोटोही माझ्याकडे होता, पण शे-दोनशे रुपयांसाठी पत्राची लांबी वाढवणं मला बरोबर वाटलं नाही.

नोटिशीच्या बाबतीत मात्र मला स्वतःच्या चुकीपाशी थांबावं लागलं. मी घर सोडण्याचा मेसेज ५ मेला केला आणि ३१ मेला घर सोडलं. काकांनी त्याच दिवशी ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलं होतं, त्यामुळे नोटीस लेखी होती आणि त्यांना मिळाली होती यात वाद नव्हता. पण महिना ४ जूनला पुरा होत होता. म्हणजे आम्ही चार दिवस आधी निघालो. काकांनी त्या चार दिवसांसाठी अख्ख्या जूनचं भाडं कापलं होतं. पत्रात मी लिहिलं:

‘नोटिशीचा कालावधी ५ मे ते ४ जून असा होतो. आम्ही ३१ मे रोजी ताबा दिला, त्यामुळे १ ते ४ जून या चार दिवसांचे भाडे देणे आम्ही लागतो. महिना २२,००० प्रमाणे दिवसाचे ७३३ रुपये ३३ पैसे, चार दिवसांचे २,९३३ रुपये. ही रक्कम मला मान्य आहे. उरलेल्या १९,०६७ रुपयांना माझी हरकत आहे. संपूर्ण जून महिन्याचे भाडे आमच्याकडून घ्यायचे असेल तर जून महिन्यात घराचा ताबा आमच्याकडे असायला हवा होता. आपण पाठवलेल्या पेंटिंगच्या बिलावर ८ जून ही तारीख आहे, म्हणजे त्या काळात घर आपल्या ताब्यात होते. जून महिन्यात घर दुसऱ्या कुणास भाड्याने दिले असल्यास ती तारीख कृपया कळवावी.’

शेवटच्या वाक्यामागेही मैत्रिणीचा हात आहे. नवीन भाडेकरू १५ जूनला राहायला आल्याचं मला आमच्या जुन्या शेजारणीने फोनवर सांगितलं होतं, आणि मी ते पत्रात ठणकावून लिहिणार होते. ती म्हणाली, ऐकीव गोष्ट विधान म्हणून लिहू नकोस, प्रश्न म्हणून विचार. प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं तर ते त्यांच्या तोंडचं, नाही दिलं तर तेही दिसतं. शिवाय शेजारीण बिचारी उगाच मध्ये येत नाही. याच परिच्छेदात भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ चा एका ओळीत उल्लेख ठेवला. करारात एखादी भरपाई लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. इथे तर महिनाभराचं भाडं जप्त होईल असं करारात लिहिलेलंही नव्हतं. पूर्ण पत्रात एवढं एकच कलम उरलं.

पेंटिंगवर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण तिथे आमचा थोडा दोष होताच. मुलीने आतल्या बेडरूमच्या एका भिंतीवर स्केचपेनने चित्रं काढली होती. ओल्या फडक्याने पुसून ती फिकी झाली, पण गेली नाहीत. एवढी भिंत सोडली तर बाकीचं घर तीन वर्षं माणसं राहिलेल्या घरासारखंच होतं: स्विचभोवती हाताचे डाग, सोफ्यामागे पुसट पट्टा, स्वयंपाकघराच्या छताला हलका पिवळेपणा. ही झीज. ती करारातल्या त्या वाक्याने मालकाच्या बाजूला जाते, कारण तो घर वापरायला देतो आणि वापराचंच भाडं घेतो.

पण झीज आणि नुकसान यांतली रेघ नुसती म्हणून भागत नाही, दाखवावी लागते. सुदैवाने २०२० मध्ये घरात शिरताना नवऱ्याने सगळ्या खोल्यांचा चार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता, गावी आईला घर दाखवायला म्हणून. निघताना, सामान गेल्यावर, मी दुसरा काढला. दोन्हीतून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझ्याही लक्षात न राहिलेली गोष्ट दिसली: बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर खिडकीखाली ओल आम्ही येण्याआधीपासून होती, २०२० च्या व्हिडिओत पापुद्रे स्पष्ट दिसत होते.

आणि बिल. त्यात ‘संपूर्ण फ्लॅट, भिंती खरवडणे, पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग, हॉलची एक भिंत टेक्स्चर’ असं लिहिलं होतं. टेक्स्चरची भिंत आमच्या वेळी नव्हतीच. जुन्या घराला नवीन करण्याचा तो खर्च होता, आणि पुढच्या भाडेकरूला घर छान दिसावं यासाठी तो करणं त्यांना भागच होतं. फक्त तो आमच्या डिपॉझिटमधून कसा व्हावा?

आमच्या नव्या घरी रंगाचं काम करणाऱ्या पेंटरला मी दर विचारला. प्रायमर आणि दोन हातांचे त्याने चौरस फुटाला १४ रुपये सांगितले. ती भिंत आम्ही कपाटासाठी मोजलेली होती, बारा फूट लांब, उंची साडेनऊ. ११४ चौरस फूट, म्हणजे १,५९६ रुपये. पत्रात ‘१,६०० रुपये मान्य, उरलेले २४,४०० अमान्य’ असं लिहून खाली तिन्ही कारणं दिली: करारातलं झिजेचं वाक्य, आधीच्या ओलीचा फोटो, बिलातलं टेक्स्चर.

गीझरचं प्रकरण सोपं निघालं, पण ते सोपं झालं एका स्टिकरमुळे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी यायचं, इतकं जड की नळाच्या तोटीवर पांढरे थर चढायचे. तेच क्षार गीझरच्या कॉइलवर बसतात. कॉइल आत झाकली गेली की जास्त तापते आणि जळते. आम्ही दोनदा कॉइल स्वतःच्या पैशाने बदलली होती. मे महिन्यात टाकीच खालून गळायला लागली. गळणारी टाकी दुरुस्त होत नाही, गीझरच बदलावा लागतो, म्हणून काकांनी नवीन घेतला आणि त्याचे ८,५०० आमच्या नावावर लावले. मी दुसऱ्यांदा कॉइल बदलताना मेकॅनिकला दाखवायला बाजूच्या लेबलचा फोटो काढला होता. उत्पादनाचं वर्ष २०१४. नऊ वर्षं जड पाण्यावर चाललेल्या टाकीला गंज लागून भोक पडणं हा भाडेकरूने केलेला बिघाड कसा असेल? लेबलचा फोटो आणि कॉइलच्या दोन्ही पावत्या जोडल्या. मान्य रक्कम शून्य.

साफसफाईच्या बिलावर ९ जून ही तारीख होती. पेंटरने काम संपवल्याच्या दुसऱ्या दिवशीची. भिंती खरवडल्यावर घरभर जी धूळ होते ती आमची नव्हती. आम्ही ३० मेला माणसं लावून घर धुऊन घेतलं होतं, त्याचे ३,२०० रुपये ऑनलाइन दिल्याची नोंद होती आणि ३१ तारखेच्या व्हिडिओत फरशी चकचकीत दिसत होती. दोन तारखा शेजारी लिहिल्या, बाकी काही लिहायची गरज पडली नाही.

बाथरूमच्या दरवाज्याने मात्र मला अस्वस्थ केलं. खालचा हातभर भाग पाण्याने फुगला होता, प्लायचे थर सुटले होते, हे खरं. काकांच्या दृष्टीने दरवाजा आम्ही आलो तेव्हा चांगला होता आणि गेलो तेव्हा खराब. पण तो खराब का झाला? शॉवरच्या भिंतीतल्या पाइपमधून पाणी झिरपत होतं आणि उंबऱ्यापाशी साचत होतं. मी व्हॉट्सअॅपवर ‘पाणी’ हा शब्द शोधला आणि २१ ऑगस्ट २०२१ चा माझा मेसेज सापडला, फोटोसकट: ‘काका, बाथरूमच्या भिंतीतून पाणी येतंय, दरवाजा भिजतोय.’ उत्तर: ‘प्लंबरला पाठवतो.’ नोव्हेंबरमध्ये पुन्हा विचारलेलं, पुन्हा तेच उत्तर. प्लंबर आला तो २०२२ च्या मार्चमध्ये. भिंतीतला पाइप हा मालकाचा विषय. तो गळतोय हे कळवणं आमचं काम होतं आणि ते आम्ही केलं होतं. पत्रात मी आरोपाचा शब्द टाळला. फक्त तीन तारखा आणि तीन मेसेज लिहिले.

शेवटी बेरीज. मान्य: १,८६० अधिक २,९३३ अधिक १,६००, एकूण ६,३९३. ऐंशी हजारातून ते वजा जाता ७३,६०७. त्यातले १२,१४० मिळाले. बाकी ६१,४६७ रुपये पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कराराशी जोडलेल्या खात्यात जमा करावेत, आणि कुठल्या रकमेबद्दल वेगळं मत असेल तर त्या क्रमांकापुढे लेखी कळवावं. एक वाक्य मैत्रिणीच्या सांगण्यावरून: ‘१३ जून रोजी मिळालेले १२,१४० रुपये मी अंशतः रक्कम म्हणून स्वीकारले आहेत, त्यामुळे हिशेब पूर्ण झाला असे समजू नये.’ हे वाक्य नसेल तर पुढे कुणी म्हणू शकतं, की पैसे घेतले म्हणजे हिशेब मान्य केला.

पोलिसांत जाण्याची, सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याची धमकी मी लिहिली नाही. डिपॉझिटचा वाद दिवाणी आहे, पोलीस त्यात हिशेब करून देत नाहीत. पैशाच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई करून आवाज चढवायचं कारणही नव्हतं.

पत्र २४ जूनला गेलं. करारातल्या पत्त्यावर रजिस्टर एडीने, आणि त्याच संध्याकाळी पीडीएफ करून ईमेल आणि व्हॉट्सअॅपवर. एकाच आवारात राहिलेल्या माणसांना पोस्टाने पत्र पाठवणं नवऱ्याला फार कोरडं वाटलं. मलाही वाटलं. पण व्हॉट्सअॅपवरचे निळे टिक पुढे दाखवताना अडचण येते आणि सही केलेलं पोचकार्ड दाखवताना येत नाही. तेव्हा रजिस्टर पोस्ट वेगळं होतं. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात सामील झालं, आता हेच काम पोचपावतीसह स्पीड पोस्टाने करावं लागेल. आमचं कार्ड २८ तारखेला परत आलं. सही काकूंची होती.

२ जुलैला त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज शांत होता. नोटिशीचं भाडं आणि साफसफाई त्याने स्वतःहूनच सोडली, गीझरचं वर्ष ऐकून तोही विषय संपला. रंगावर मात्र त्याने एक मुद्दा काढला आणि तो चुकीचा नव्हता: तीन वर्षं जुन्या रंगाच्या खोलीत एकच भिंत नवी केली तर रंग जुळत नाही, थिगळ दिसतं, त्यामुळे निदान ती अख्खी खोली करावी लागते. मी हे धरलंच नव्हतं. खोली बारा बाय अकरा, चारही भिंतींचे सुमारे ४३७ चौरस फूट, १४ च्या दराने ६,११८ रुपये होत होते. मी म्हटलं, रंग साधारण पाच वर्षांनी काढतात असं धरलं तर तीन वर्षांचं आयुष्य झिजेत गेलं, उरलेल्या दोन वर्षांपुरतंच आमच्याकडे येतं, म्हणजे २,४५० च्या आसपास. तो म्हणाला, पूर्ण नाही तरी थोडे अधिक द्या. ४,००० वर थांबलो.

दरवाज्यावर तो अडून बसला. मेसेज खरे आहेत, पण रोज उंबऱ्यापाशी पाणी पुसलं असतं तर एवढा फुगला नसता, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. पुरावा पूर्ण माझ्या बाजूने होता. तरी मी निम्मे, २,७५० मान्य केले, कारण त्या घरातल्या काकूंनी माझ्या मुलीला तापात दोन दिवस सांभाळलं होतं आणि हा वाद एका दरवाज्यासाठी अजून महिनाभर चालवायची माझी तयारी नव्हती. हा निर्णय हिशेबाचा नव्हता.

फोन ठेवल्यावर लगेच ठरलेल्या चार रकमा मेसेजने लिहून पाठवल्या: वीज १,८६०, भाडं २,९३३, रंग ४,०००, दरवाजा २,७५०, एकूण ११,५४३, बाकी देणं ५६,३१७. ‘बरोबर’ असं उत्तर आल्यावरच मी फोन बाजूला ठेवला.

१० जुलैला ५६,३१७ रुपये जमा झाले. त्याच दिवशी मी काकांना पोचपावती लिहून पाठवली: ‘सुरक्षा ठेवीपैकी ६८,४५७ रुपये दोन हप्त्यांत मिळाले, ११,५४३ रुपयांची कपात मला मान्य आहे. या कराराबाबत माझे आता काहीही येणे नाही.’ काकांनी नमस्काराचे हात पाठवले आणि तासाभराने विचारलं, की महावितरणच्या जुन्या बिलांची फाइल कुठे ठेवली आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, डाव्या कोपऱ्यात होती.